उपग्रह एकाच जागी कसा राहतो: मुंबईच्या गच्चीवरून पाहिलेली भूस्थिर कक्षा

दादरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर टीव्हीच्या दहा-बारा डिश आहेत. खाऱ्या हवेने त्यांचे नट-बोल्ट गंजून घट्ट बसले आहेत आणि आता त्या फिरवायच्या म्हटल्या तरी पाना चालणार नाही, पण बसवल्या त्या दिवसापासून त्या फिरवण्याची गरज कोणाला पडलेली नाही. त्या सगळ्यांची तोंडे दक्षिणेकडे, थोडी पूर्वेला झुकलेली आहेत. त्यांतली एक दूरदर्शनच्या फ्री डिशची आहे. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईतून तो गाठायचा तर होकायंत्रावर १३१ अंशांच्या दिशेला, म्हणजे जवळजवळ आग्नेयेला वळायचे आणि क्षितिजापासून सुमारे साडेसत्तावन्न अंश वर पाहायचे. डिशकडे पाहून ती इतक्या उंच रोखलेली आहे असे वाटत नाही. याचे कारण असे की, या डिशमध्ये लहरी टिपणारा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला पुढे आलेल्या दांड्यावर असतो आणि डिशचा आकार त्यानुसार बेतलेला असतो, त्यामुळे तिचे तोंड जिकडे दिसते त्याच्या वीस-पंचवीस अंश वर तिची खरी नजर असते.

त्या नजरेच्या टोकाला, इथून सुमारे साडेछत्तीस हजार किलोमीटरवर, तो उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो आहे. तरीही डिश हलवावी लागत नाही. धावणारी वस्तू जागची हलत नाही असे का दिसते, आणि ती तशी दिसत राहावी म्हणून जमिनीवरून काय करत राहावे लागते, या दोन गोष्टी समजल्या की या कक्षेचे उपयोग आणि तिच्या मर्यादाही आपोआप उलगडतात.

पहिली गोष्ट पडण्याची आहे. हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके दूर जाऊ तितकी ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर, म्हणजे विषुववृत्तावरच्या जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथे ही ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे चव्वेचाळिसाव्या भागाइतकी उरते, त्यामुळे तिथला उपग्रह एका सेकंदात केवळ ११ सेंटिमीटर पडतो. पण त्याच सेकंदात तो आडव्या दिशेने ३.०७ किलोमीटर पुढे गेलेला असतो, आणि एवढ्या मोठ्या वर्तुळावर ३.०७ किलोमीटर सरळ गेल्यास वर्तुळ आपल्यापासून बरोबर ११ सेंटिमीटर खाली वळलेले असते. जितके तो पडतो तितकेच वर्तुळ खाली गेलेले असल्याने तो पृथ्वीच्या जवळही येत नाही आणि दूरही जात नाही. त्याला वर धरून ठेवणारे इंजिन नसते. तो सतत पडतच असतो.

कोणत्याही वर्तुळाकार कक्षेचे गणित असेच जुळते, मग हीच उंची का? पृथ्वीच्या जवळ ओढ जास्त असल्याने तिथे वेगही जास्त लागतो आणि फेरी लवकर पुरी होते. चारशे किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला एका फेरीला सुमारे दीड तास लागतो. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून दूर आहे आणि त्याला सत्तावीस दिवसांहून अधिक लागतात. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अशी एकच उंची असणार, जिथे एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्या वेळात पुरी होते. ती हीच. उपग्रह पाचशे किलोचा असो वा पाच टनांचा, उंची बदलत नाही.

इथे एक बारीक गोष्ट सहज निसटते. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी २४ तासांची नसून २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची आहे. पृथ्वी त्याच वेळात सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर येण्यासाठी तिला आणखी चार मिनिटे वळावे लागते, आणि आपला घड्याळाचा दिवस त्या हिशेबाने २४ तासांचा होतो. उपग्रहाची फेरी बरोबर २४ तासांची ठेवली, तर तो रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेला मागे पडेल आणि आठवडाभरात गच्चीवरची डिश कोऱ्या आकाशाकडे पाहत बसेल.

उंचीइतकीच दुसरी अट विषुववृत्ताची आहे. हा उपग्रह थेट मुंबईच्या डोक्यावर का ठेवला नाही, हा प्रश्न साहजिक आहे. उपग्रहाला पृथ्वीचे केंद्र ओढत असते, त्यामुळे त्याच्या कक्षेचे प्रतल त्या केंद्रातूनच जावे लागते. मुंबईच्या १९ अंश उत्तर अक्षांशावरून सुटलेली कोणतीही कक्षा अर्ध्या फेरीनंतर १९ अंश दक्षिणेला पोहोचते. जागच्या जागी दिसायचे असेल तर उत्तर-दक्षिण हालचाल शून्य हवी, आणि ती फक्त विषुववृत्ताच्या वरच शून्य होते. म्हणूनच मुंबईच्या सगळ्या डिश दक्षिणेच्या बाजूला पाहतात.

आतापर्यंतचे वर्णन आदर्श पृथ्वीचे झाले, म्हणजे पूर्ण गोल आणि अवकाशात एकटीच असलेल्या पृथ्वीचे. खरी पृथ्वी तशी नाही. माझ्या मते या विषयाचा सर्वांत रंजक भाग इथून सुरू होतो, आणि त्याचा मुंबईच्या रेखांशाशी जवळचा संबंध आहे.

पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे हे शाळेत शिकवतात, पण तिचे विषुववृत्तही पूर्ण वर्तुळ नाही. ते किंचित लंबगोल आहे. त्याची फुगीर टोके ढोबळमानाने १५ अंश पश्चिम आणि १६५ अंश पूर्व रेखांशाच्या दिशांना येतात. हा फुगीरपणा फारच थोडा आहे, पण उपग्रह वर्षानुवर्षे एकाच रेखांशावर असल्याने ती जराशी ओढ रोज त्याच दिशेने लागत राहते आणि साठत जाते. जीसॅट-१५ चे उदाहरण घेऊ. ९३.५ अंशांवरून पाहिले तर जवळचे फुगीर टोक पूर्वेला आहे, आणि उपग्रह धावतोही पूर्वेकडेच. म्हणजे ही ओढ त्याला पुढे ढकलते. मग तो पूर्वेला सरकेल असे आपल्याला वाटते, पण तो सरकतो पश्चिमेला. पुढे ढकलल्याने त्याची ऊर्जा वाढते, ऊर्जा वाढल्याने कक्षा किंचित उंचावते, उंच कक्षेतली फेरी पुरी व्हायला जास्त वेळ लागतो आणि तो पृथ्वीच्या मागे पडू लागतो. ज्या फुगीर टोकाकडे त्याला ओढले जाते त्याच्यापासूनच तो दूर जातो. कक्षेतल्या हालचालींचा हा उलटा न्याय एकदा मनात बसला की पुढचे सगळे सोपे होते.

अशा रीतीने दोन्ही बाजूंचे उपग्रह घरंगळत ज्या ठिकाणी येतात अशा दोन दऱ्या या कक्षेत आहेत. एक १०५ अंश पश्चिम रेखांशाजवळ, पॅसिफिक महासागरावर. दुसरी ७५ अंश पूर्वेजवळ, हिंदी महासागरावर, मालदीवच्या थोडी पूर्वेला. मुंबईचा रेखांश ७२.९ अंश पूर्व आहे. म्हणजे गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की साऱ्या भूस्थिर कक्षेतल्या दोन दऱ्यांपैकी एक जवळजवळ अगदी समोर, सदुसष्ट अंश उंचीवर असते. ज्यांचे नियंत्रण सुटले आहे असे जुने उपग्रह या दरीभोवती घड्याळाच्या लंबकासारखे पूर्व-पश्चिम झोके घेत राहतात, आणि त्या एका झोक्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. आपला इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह ७४ अंशांवर, म्हणजे दरीच्या तळाजवळच आहे. त्याला पूर्व-पश्चिम दिशेने सांभाळायला फार थोडे इंधन पुरते, मात्र भरकटलेल्या जुन्या उपग्रहांची ये-जा त्याच्या शेजारून होत असते आणि तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

जीसॅट-१५ दरीच्या उतारावर आहे, म्हणून त्याला सांभाळणे हे उतारावर चेंडू वर फेकत राहण्यासारखे आहे. समजा, त्याला ९३.४ ते ९३.६ अंशांच्या दरम्यान ठेवायचे आहे. ठरलेल्या जागेपासून दोन्ही बाजूंना ०.१ अंशाची ही मुभा आंतरराष्ट्रीय नियमांतही आहे, आणि त्या कक्षेवर ०.२ अंश म्हणजे सुमारे १४७ किलोमीटर रुंदीची खोली झाली. उपग्रह घरंगळत या खोलीच्या पश्चिम भिंतीशी पोहोचला की थ्रस्टर, म्हणजे उपग्रहावरची छोटी इंजिने, पेटवून त्याचा वेग कमी केला जातो. वेग कमी झाला की कक्षा तीनेक किलोमीटर खाली येते, फेरी लवकर पुरी होऊ लागते आणि उपग्रह पूर्वेला सरकू लागतो. चढावर जाणाऱ्या चेंडूसारखा त्याचा सरकण्याचा वेग हळूहळू मंदावतो, सुमारे वीस दिवसांनी तो पूर्व भिंतीपाशी क्षणभर थांबतो आणि आणखी वीस दिवसांत पुन्हा पश्चिम भिंतीशी येतो. मग पुन्हा थ्रस्टर. या एका वेळेला वेगात करावा लागणारा बदल मी कागदावर काढून पाहिला, तो सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर आला. सेकंदाला तीन किलोमीटर धावणाऱ्या वस्तूला चाळीस दिवसांतून एकदा दिलेला हा धक्का मुंगीच्या चालीपेक्षा फारसा मोठा नाही. प्रत्यक्षात उपग्रह खोलीच्या भिंतींना चिकटू नये म्हणून याहून लहान धक्के अधिक वेळा दिले जातात. भारतीय उपग्रहांच्या बाबतीत हे काम कर्नाटकातील हासन आणि मध्य प्रदेशातील भोपाळ येथील मुख्य नियंत्रण केंद्रांतून होते.

खरा खर्च उत्तर-दक्षिण दिशेला आहे. सूर्य आणि चंद्र विषुववृत्ताच्या प्रतलात नाहीत, ते त्याच्याशी तिरक्या मार्गांवर असतात, त्यामुळे त्यांची ओढ उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू कलते करते. काहीच केले नाही तर हा कल दरवर्षी पाऊण ते एक अंशाने वाढतो. कक्षा कलली की उपग्रह दिवसातून एकदा उत्तरेला आणि एकदा दक्षिणेला जातो, आणि जमिनीवरून पाहता आकाशात उभा, अरुंद, इंग्रजी आठच्या आकाराचा फेरा काढतो. कल थोपवायला कक्षेचे प्रतल वळवावे लागते, आणि प्रतल वळवणे हे अवकाशातले सर्वांत महागडे काम आहे. त्यासाठी वर्षाला सेकंदाला ४५ ते ५० मीटर इतका वेगबदल लागतो. पूर्व-पश्चिम सांभाळायला जीसॅट-१५ ला वर्षाला जेमतेम एक मीटर प्रति सेकंद पुरतो, हे लक्षात घेतले की इंधनाची टाकी कशापायी रिकामी होते ते स्पष्ट होते. बारा-पंधरा वर्षांनी उपग्रह निवृत्त होतो तेव्हा त्यातली यंत्रे अनेकदा धडधाकट असतात, संपलेले असते ते इंधन.

हे बिघडू लागल्याचे घरच्या डिशला लगेच कळत नाही. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंश रुंद असते, त्यामुळे अर्ध्या अंशाची हालचाल तिच्यात सामावून जाते. पण कार्यक्रम वर पाठवणाऱ्या केंद्रातील दहा-अकरा मीटरच्या डिशची नजर अंशाच्या काही दशांशांइतकीच अरुंद असते. तिथे रोज ठरावीक वेळी सिग्नल कमी होतो आणि बारा तासांनी पुन्हा तसाच कमी होतो. अशी दिवसाच्या चक्राने येणारी घट दिसली की उपग्रहाची कक्षा कलली आहे हे ओळखावे. पावसामुळे होणारी घट अशी घड्याळ पाहून येत नाही. ती जूनमध्ये काळा ढग डोक्यावर आला की येते आणि ढग गेला की जाते, कारण डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे मोठे थेंब त्या शोषतात व विखुरतात. मुंबईतून उपग्रह बराच उंच दिसतो, त्यामुळे लहरींना पावसातून कमी अंतर कापावे लागते, हे त्यातल्या त्यात आपल्या सोयीचे.

दळणवळणासाठी ही कक्षा का सोयीची, हे आता वेगळे सांगायला नकोच. जमिनीवरची डिश स्थिर आणि म्हणून स्वस्त राहते, आणि एकच उपग्रह एकाच वेळी संपूर्ण देशावर लहरी पाडतो. गडचिरोलीत आणखी एक डिश लागली म्हणून उपग्रहावर कसलाही जादा भार पडत नाही. उणीव आहे ती अंतराची. मुंबईतून वर जाऊन खाली यायला लहरींना सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद. टीव्हीवर ते जाणवत नाही, फोनवर बोलताना मात्र दोघेही एकमेकांचे वाक्य तोडतात. म्हणून संभाषण आणि इंटरनेट आज मुख्यतः वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलमधून जाते, आणि एकाकडून लाखोंकडे जाणारे प्रक्षेपण उपग्रहाकडे राहिले आहे.

हवामानासाठी मात्र या कक्षेला तोड नाही, आणि इथे प्रश्न सोयीपेक्षा वेळेचा आहे. ध्रुवांवरून जाणारा उपग्रह सात-आठशे किलोमीटरवरून अधिक बारकाईने पाहतो, पण एका जागेवर तो साधारणपणे दिवसातून दोनदाच येतो. मुंबईवर कोसळणारा ढग तासा-दोन तासांत उभा राहतो आणि रिकामाही होतो. इन्सॅट-३डीआर सप्टेंबर २०१६ मध्ये अवकाशात गेला. तो त्याच्यासमोरचे पृथ्वीचे सारे बिंब दर अर्ध्या तासाने टिपतो, आणि त्याच्या जोडीचा उपग्रह मधल्या वेळी चित्र घेत असेल तर दर पाव तासाला एक चित्र मिळते. महत्त्वाचे हे की प्रत्येक चित्र त्याच जागेवरून घेतलेले असते. त्यामुळे लागोपाठची तीन चित्रे एकावर एक ठेवून ढगाचा एखादा पुंजका किती सरकला हे मोजता येते, आणि त्यावरून समुद्रावर, जिथे एकही वेधशाळा नाही अशा ठिकाणी, वरच्या हवेतला वारा कळतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून अरबी समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्याला भिडले. अशा वादळाचा डोळा रात्रीच्या अंधारातही अवरक्त चित्रांत दिसतो, कारण ती चित्रे उजेडाची नसून तापमानाची असतात. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड, आणि एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे जाताना थंड भाग पसरत असेल तर ढग अजून वाढतो आहे.

हे चित्र वाचताना मुंबईपुरता एक हिशेब करावा लागतो. ७४ अंशांवरचा उपग्रह आपल्याला सरळ वरून पाहत नाही, दक्षिणेकडून तिरका पाहतो. समजा, दादरवर पंधरा किलोमीटर उंचीचा पावसाळी ढग उभा आहे. त्याच्या माथ्यावरून जाणारी उपग्रहाची नजर जमिनीला टेकते ती त्याच्या मागे, सुमारे सहा किलोमीटर उत्तरेला. नकाशावर तो ढग सांताक्रूझच्या जवळपास दिसतो. कमी उंचीच्या ढगाचे हे सरकणे तेवढ्याच प्रमाणात कमी असते. शिवाय अवरक्त चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा असतो आणि तो ढगाचा माथा दाखवतो, त्याखाली पाऊस किती पडतो आहे हे नाही. उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवून अमुक उपनगरात आता पाऊस आहे असे म्हणणारे संदेश आपल्याकडे पावसाळ्यात सर्रास फिरतात. ते सांगायला उपग्रह नव्हे, तर कुलाब्याचे डॉपलर रडार लागते. उपग्रहाचे बळ याच्या उलट टोकाला आहे. रडारच्या टप्प्यापलीकडे, समुद्रावर काय जुळून येते आहे ते तो तासन् तास आधी दाखवतो.

एवढ्या दूरवरून नेम किती अचूक लागतो, याचा अंदाज किनाऱ्यावरून येतो. दृश्य प्रकाशातल्या चित्राचा ठिपका एक किलोमीटरचा आहे. उपग्रह अंशाच्या सहाशेव्या भागाने जरी डोलला तरी चित्र एका ठिपक्याने सरकते. म्हणून चित्र हाती येताच त्यातल्या किनारपट्टीची रेषा नकाशावरच्या रेषेशी ताडून पाहिली जाते. कोकणचा किनारा समुद्रात सरकलेला दिसला, तर ढगांवरून काढलेला वाराही तितकाच खोटा निघणार.

इंधन हातचे गेल्यावर काय होते हे भारताने फार लवकर पाहिले. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१ए मध्ये सुरुवातीपासून बिघाड येत गेले, आणि त्याला योग्य दिशेला रोखून धरणारे इंधन संपल्यामुळे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो सोडून द्यावा लागला. पुढच्या वर्षी अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी ने मात्र टीव्ही, दूरध्वनी आणि हवामान ही तिन्ही कामे एकाच उपग्रहावरून करून दाखवली.

म्हाताऱ्या उपग्रहाच्या टाकीत किती इंधन उरले आहे हे सांगणारा काटा नसतो. वजनच नसल्याने टाकीतला द्रव तळाशी बसत नाही, म्हणून आजवर थ्रस्टर किती सेकंद पेटले याचा हिशेब आणि टाकीतला दाब यांवरून अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज बांधताना शेवटचा एक वाटा बाजूला ठेवलेला असतो. निवृत्त उपग्रहाने दरीत घरंगळत जाऊन इतरांच्या वाटेत येऊ नये, यासाठी त्याला कक्षेच्या सुमारे तीनशे किलोमीटर वर नेऊन सोडले जाते. त्याला सेकंदाला ११ मीटर वेगबदल लागतो. उत्तर-दक्षिण सांभाळण्याच्या खर्चाशी तुलना केली तर हे तीन महिन्यांचे इंधन झाले, म्हणजे तीन महिन्यांचे उत्पन्न सोडून उपग्रह वेळेत बंद करायचा असतो. वर नेल्यावर टाकीतले उरलेसुरले इंधन बाहेर सोडतात आणि बॅटऱ्या निकामी करतात, म्हणजे पुढे स्फोट होऊन तुकडे पसरत नाहीत. उंच कक्षेत तो पृथ्वीच्या मागे पडू लागतो, दिवसाला जवळजवळ चार अंश. या चालीने तो सुमारे ९४ दिवसांत साऱ्या रेखांशांवरून फिरून येतो, आणि दर तीन महिन्यांनी एकदा आमच्या गच्चीवरच्या डिशच्या नजरेसमोरून, चालू उपग्रहाच्या तीनशे किलोमीटर मागून, पूर्वेकडून पश्चिमेकडे निघून जातो.